घरचा ताळेबंद: वर्षातून एकदा, दोन पानांत



सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचून दाखवतात, तेव्हा आपण कान देऊन ऐकतो. येणं किती, देणं किती, शिल्लक किती, यावर प्रश्नही विचारतो. पण तोच हिशोब स्वतःच्या घराचा किती जणांनी मांडलाय? रोजची विक्री, डिझेल, बर्फ हे सगळं बऱ्याच घरांत वहीत असतं. तो झाला जमाखर्च. पैसा आला किती आणि गेला किती एवढंच त्यातून कळतं. गेल्या वर्षापेक्षा आपण पुढं गेलो की मागं आलो, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ताळेबंदच लागतो.

पद्धत साधी आहे. एक दिवस ठरवायचा. आम्ही ३१ मार्च धरतो, कारण सोसायटीचे आणि बँकेचे आकडे त्याच दिवसाचे मिळतात. दिवस कुठलाही धरा, पण दरवर्षी तोच ठेवा. मासा भरपूर पडतो तेव्हा हातात पैसा खेळतो, पावसाळ्यात होडी काठावर ओढली की तो आटतो. एका वर्षी भरतीत मोजलं आणि दुसऱ्या वर्षी ओहोटीत, तर तुलनेला अर्थ राहत नाही.

वहीच्या डाव्या पानावर आपल्याकडं जे आहे ते लिहायचं, उजव्या पानावर जे देणं आहे ते. डाव्यातून उजवं वजा केलं की उरते ती आपली खरी मालमत्ता. आता एक घर धरू. वेदगंगा-दूधगंगेच्या पट्ट्यातलं, एक होडी असलेलं. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण हिशोब असाच निघतो.

मागच्या वर्षीचं डावं पान: होडी ३५,०००, जाळी २०,०००, मोटारसायकल ४०,०००, सोनं ३० ग्रॅम म्हणजे ६,००० च्या दरानं १,८०,०००, बँकेत आणि हातात मिळून १५,०००, सोसायटीचे शेअर आणि ठेव १०,०००. एकूण ३,००,०००.
उजवं पान: सोनेतारण ८०,०००, व्यापाऱ्याची उचल ४०,०००, गाडीचं कर्ज ३०,०००. एकूण १,५०,०००.
शिल्लक १,५०,०००.

यंदा घरात इंजिन आलं, ६५,००० चं, सगळं कर्जानं.

यंदाचं डावं पान: होडी ३०,०००, इंजिन ४५,०००, जाळी १५,०००, मोटारसायकल ३२,०००, तेच ३० ग्रॅम सोनं ८,००० च्या दरानं २,४०,०००, बँक आणि रोख ६,०००, सोसायटीत १२,०००. एकूण ३,८०,०००.
उजवं पान: सोनेतारण व्याजासकट ८९,०००, उचल ६५,०००, गाडीचं कर्ज १२,०००, इंजिनाचं कर्ज ५२,०००. एकूण २,१८,०००.
शिल्लक १,६२,०००.

बारा हजारांनी वाढ! घरधनी खूश. पण घरच्या बाईनं नेमका प्रश्न विचारला, "सोनं तर तेवढंच हाय की, मग वाढलं काय?" बरोबर बोलली ती. सोन्याचा एक गुंजसुद्धा वाढलेला नाही, वाढला तो दर. त्या एका ओळीतच ६०,००० वाढलेत. सोनं जुन्याच दरानं धरलं तर शिल्लक उरते १,०२,०००. म्हणजे घर बारा हजारांनी पुढं गेलं नाही, अठ्ठेचाळीस हजारांनी मागं आलं. म्हणून सोन्याच्या ओळीत रुपयांच्या आधी वजन लिहावं आणि तुलना करताना दोन्ही वर्षांना एकच दर लावून एकदा बघावं.

मग हे ४८,००० गेले कुठं? पहिला संशय इंजिनावर येतो. पण ते विकलं तर ४५,००० येतील आणि कर्ज ५२,००० उरलंय, म्हणजे तिथं तूट फक्त सात हजारांची. मोटारसायकलीत तर उलट कमाई दिसते: किंमत आठ हजारांनी उतरली, पण कर्ज अठरा हजारांनी फिटलं. होडी आणि जाळी जुनी झाली, त्यात दहा हजार गेले. रोख नऊ हजारांनी कमी झाली. सोनेतारणाचं व्याज भरलंच नाही, ते नऊ हजार मुद्दलावर चढून बसलं. सोसायटीत दोन हजार वाढले. उरलं सगळ्यात मोठं भोक, ते उचलीचं: २५,०००.

उचलीला आपण कर्ज समजतच नाही, हीच गोची आहे. तिला हप्ता नसतो, नोटीस येत नाही. पण ज्याची उचल घेतली त्यालाच मासा घालावा लागतो, त्याच्याच दरानं आणि त्याच्याच वजनानं. तिचं व्याज दरातच कापलं जातं, म्हणून ते दिसत नाही. वरच्या घरानं इंजिनाचा हप्ता वेळेवर भरला, तो बराचसा उचल वाढवूनच. हे जमाखर्चाच्या वहीत कुठंच दिसलं नसतं, तिथं उचलीचे पैसे 'जमा' म्हणूनच पडतात.

आता चुका कुठं होतात ते सांगतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे खरेदीची किंमत लिहिणं. "जाळं वीस हजाराला घेतलंय" असं म्हणून चालत नाही. आज दुसरा मासेमार त्याचे रोख किती देईल, ती खरी किंमत. फाटक्या जाळ्याला शून्य लिहा, मन दुखलं तरी. तलाव ठेक्यानं घेतलेल्यांनी पाण्यातला मासा बाजारभावानं धरू नये. बोटुकली आणि खाद्यावर जेवढा खर्च झाला तेवढाच लिहावा, आणि मर झाली असेल तर तोही कमी करावा. कटला दोन किलोचा होईल तेव्हा होईल.

तारण ठेवलेलं सोनं पुष्कळ जण यादीतून गाळतात. ते आपलंच आहे. त्याची पूर्ण किंमत डाव्या पानावर आणि कर्ज उजव्या पानावर लिहायचं. वजन पावतीवरचं निव्वळ धरा, खडे आणि मजुरी सोडून. कर्जाचा आकडा मात्र पावतीवरचा नको. कचेरीत जाऊन विचारा, "आज सोडवायचं म्हटलं तर किती भरावे लागतील?" तोच लिहा.

आपल्या सीमाभागात आणखी एक घोळ असतो. पासबुक निपाणीत, सोनं कागलच्या पतसंस्थेत, भिशी माहेरच्या गावात. सगळीकडचे कागद एकत्र आल्याशिवाय पान पुरं होत नाही, म्हणून नवरा-बायकोनं एकत्र बसूनच लिहावं. हातउसने आणि बायकांच्या संघाचं कर्ज तेव्हाच बाहेर येतं. भिशी अजून उचलली नसेल तर भरलेले पैसे डावीकडं. उचलली असेल तर उरलेले हप्ते उजवीकडं. कुणाला जामीन राहिला असाल तर ती रक्कम बेरजेत धरू नका, पण खाली नोंद करून ठेवा.

राहतं घर आणि वडिलोपार्जित जमीन वेगळ्या ओळीत असू द्या. ती विकायची नाही, आणि तिचा भाव मिसळला की बाकीच्या हिशोबातलं काहीच दिसत नाही.

शिल्लक घटली म्हणजे चूकच झाली असंही नाही. पोरीच्या कॉलेजची फी भरली, आईचं ऑपरेशन झालं, तर पानावर तूट दिसणारच. बाजूला कारण लिहा. वरच्या घरात तसं कारण नव्हतं, म्हणून त्यांनी यंदा दोनच गोष्टी ठरवल्यात: तारणाचं व्याज दर तिमाहीला भरायचं, आणि गाडीचं कर्ज संपलं की तोच हप्ता उचलीत घालायचा. उचल ६५,००० वरून कुठं आली, ते पुढच्या ३१ मार्चला त्याच वहीत दिसेल.