ताप उतरला की परजीवी दिसेनासा

१८८० साली पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने ‘सर्रा’ रोगाने खंगलेल्या घोड्यांचे आणि उंटांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव होते. ते निरुपद्रवी असावेत, असे त्या वेळच्या जाणकारांचे मत होते. इव्हान्सने ते रक्त निरोगी घोड्याला टोचून रोग उत्पन्न करून दाखवला. त्या परजीवीला आज ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय म्हणतात. गोमाशी एका जनावराचे रक्त अर्धवट पिऊन दुसऱ्यावर जाऊन बसते, आणि तिच्या सोंडेवर राहिलेल्या रक्तातून तो पसरतो.

सर्राचा ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. परजीवीच्या अंगावर प्रथिनांचे आवरण असते. जनावराचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि बहुतेक परजीवी मरतात. पण काहींनी तोवर आवरण बदललेले असते. तेच पुन्हा वाढतात, की तापाची नवी लाट. दरम्यान शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट करू लागते. पापणीच्या आतला भाग फिकट पडतो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. घोडा काही आठवड्यांत दगावू शकतो, उंट मात्र वर्षानुवर्षे खंगत राहतो.

म्हणूनच रक्त कधी घेतले, याला फार महत्त्व आहे. ताप चढलेला असताना कानाच्या शिरेतून घेतलेला ताजा थेंब काचपट्टीवर लगेच पाहिला, तर परजीवीच्या धडकांनी हलणाऱ्या पेशी दिसतात. जिम्सा रंग दिलेल्या पट्टीत उंटाच्या लांबट अंडाकृती तांबड्या पेशींमध्ये सडपातळ, जांभळट परजीवी ओळखू येतो. ताप उतरल्यावर घेतलेली पट्टी कोरी निघू शकते, आणि इथेच फसगत होते. एक पट्टी कोरी म्हणजे जनावर निरोगी, असे मुळीच नव्हे. अशा वेळी रक्त केशनलिकेत भरून वेगाने फिरवतात आणि पांढऱ्या पेशींच्या थराजवळ शोधतात. तिथे परजीवी गोळा होत असल्याने थोडे असले तरी सापडू शकतात.

औषध निवडताना जनावराची जात पाहावीच लागते. गाईगुरांना सर्रास दिले जाणारे डिमिनाझीन उंटाला आणि घोड्याला नीट सोसत नाही. उंट त्याने दगावूही शकतो. त्यांच्यासाठी क्विनापायरामिन त्वचेखाली देतात. घोड्याला टोचल्या जागी सूज येते, म्हणून मात्रा दोन-तीन ठिकाणी विभागतात. दुसरा पर्याय सुरामिन. किलोमागे १० मिलिग्रॅम धरले, तर ५०० किलोच्या उंटाला ५ ग्रॅम, म्हणजे १० टक्के द्रावणाचे ५० मिलिलिटर शिरेतून द्यावे लागते. ते शिरेबाहेर सांडले तर आजूबाजूचे मांस सडते.

२००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला या परजीवीची बाधा झाली, तेव्हाही सुरामिननेच तो बरा झाला. माणसाच्या रक्तातले एक प्रथिन एरवी या परजीवीला मारते. या शेतकऱ्याच्या रक्तात नेमके तेच कार्यक्षम नव्हते.

उपचारानंतर घोडा मागच्या पायांत डळमळू लागला, तर परजीवी मेंदूकडे पोहोचल्याची शंका घ्यावी लागते. ही औषधे तिथवर पुरेशी जात नाहीत, त्यामुळे रक्त स्वच्छ दिसूनही रोग उलटू शकतो.