काय मोजायचं, हे आधी ठरवा

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस महाराष्ट्रातल्या शाळा २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करतात. त्या निमित्ताने कितीतरी वर्गांत 'कोण जास्त पुस्तकं वाचतंय' अशी चढाओढ सुरू होते. भिंतीवर मुलांच्या नावांचा तक्ता लागतो आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाला एक चांदणी मिळते. आठवड्याभरात पेटीतली सगळ्यात पातळ पुस्तकं हातोहात संपतात. शंभर पानांची गोष्ट आवडीने वाचणारी मुलगी तक्त्यावर मागे पडते. अजून जोडाक्षरांशी झगडणाऱ्या मुलाच्या नावापुढची रिकामी ओळ मात्र अख्खा वर्ग रोज बघत असतो.

पुस्तकांऐवजी पानं मोजली तर जाड पुस्तकं नुसती चाळली जातात. म्हणून मोजायचा तो वेळ, आणि तोही शाळेतलाच. घरच्या वाचनावर पालकांची सही मागितली, की ज्यांना लिहिता-वाचता येत नाही किंवा जे रात्री उशिरा कामावरून येतात, त्यांची मुलं विनाकारण मागे पडतात. शिवाय अशा सह्या पुष्कळदा रविवारी संध्याकाळी एका बैठकीत होतात. सातही दिवसांची शाई सारखीच दिसली, की ओळखावं.

चौथीच्या ३० मुलांच्या वर्गाचं उदाहरण घेऊ. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुरुवात करावी, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. परिपाठानंतर रोज १५ मिनिटं, असे शाळेचे २० दिवस. वाचनपेटीत निदान साठेक पुस्तकं हवीत. त्यांत मोठ्या अक्षरांची, भरपूर चित्रांची बरीच असावीत आणि 'किशोर'चे जुने अंकही ठेवावेत. प्रत्येक मुलाकडे २० चौकोनांचं कार्ड असतं आणि ते त्याच्याच वहीत राहतं. त्या दिवशी वाचलं, की मूल स्वतःच एक चौकोन रंगवतं. मित्राने वाचलेलं शेजारी बसून ऐकलं, तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचलं, आवडलं नाही म्हणून अर्ध्यात सोडून दुसरं घेतलं, तरी चौकोन रंगतो. एखाद्या दिवशी मनच नसेल, तर पुस्तक उघडून चित्र काढत बसावं. तो चौकोन कोरा राहील आणि त्याबद्दल कोणी विचारणार नाही.

भिंतीवर लागते ती फक्त वर्गाची बेरीज. सगळ्यांनी रोज वाचलं तर ६०० चौकोन होतील, पण लक्ष्य ४००चंच ठेवावं. गैरहजेरी आणि मनाचे चढउतार त्यात सहज मावतात, आणि आजारी पडलेल्या मुलावर 'तुझ्यामुळे राहिलं' असं खापर फुटत नाही. आठवड्याला शंभरेक चौकोन व्हायला हवेत. पहिल्या आठवड्यात ६०च झाले, तर मुलांना बोलण्याआधी पेटी तपासावी. बहुतेक वेळा पुस्तकं कठीण असतात किंवा तीच तीच असतात.

बक्षिसाबाबत एक जुना प्रयोग प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवा. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडत होतं, त्यांच्यातल्या काहींना आधीच सांगितलं, 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल.' काहींना तेच प्रमाणपत्र अचानक दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर आमिष दाखवलेली मुलं पेनांकडे आधीपेक्षा कमी वळत होती. इतर दोन्ही गटांत तसं झालं नाही.

म्हणून बक्षीस छोटं असावं, सगळ्यांना सारखं असावं, आणि आधी जाहीर केलेलं नसावं. ४०० चौकोन पूर्ण झाले, की झाडाखाली सतरंजी टाकून बाईंनी एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी आणि प्रत्येकाला पुठ्ठ्याची वाचनखूण द्यावी. पैसे, गुण आणि 'उत्कृष्ट वाचक' ही पदवी यांना इथे अजिबात थारा नको. प्रश्नपत्रिकाही नको. वाचताना मुलाशेजारी दोन मिनिटं बसून 'यात तुला कोण आवडलं?' एवढं विचारलं, तरी खरंच वाचलं की नुसता चौकोन रंगवला, हे कळतं.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हवी. ज्याला अजून अक्षरं जुळवता येत नाहीत, त्याला या उपक्रमातून वाचता येऊ लागणार नाही. त्याच्यासाठी शिक्षकाने वेगळा वेळ काढायलाच हवा. दबाव वाढतोय का, हे मुलांच्या प्रश्नांवरून समजतं. पुस्तक हातात घेताना 'हे कशाबद्दल आहे?' याऐवजी 'किती पानांचं आहे?' असं ऐकू येऊ लागलं, तर भिंतीवरची बेरीज आठवडाभर खाली उतरवावी.

आणि मुख्याध्यापकांना एक विनंती: विसावा दिवस संपला, म्हणून पेटी पुन्हा कपाटात बंद करू नका.