दर गुरुवारच्या थेरपीसाठी कोणती रजा मागावी?

जव्हारच्या टपाल कार्यालयात नोकरी करणारी एक आई आहे, असे धरू. मुलाची स्पीच थेरपी नाशिकला, दर गुरुवारी. सत्र पाऊण तासाचे, पण मोखाडा-त्र्यंबकेश्वरचा घाट ओलांडून जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो.

केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 730 दिवसांची बालसंगोपन रजा असते आणि अपत्य दिव्यांग असेल तर वयाची अट नसते. ऐकायला हीच रजा योग्य वाटते. मात्र ती एका वेळी किमान 5 दिवस आणि साधारणपणे वर्षातून तीनदाच मिळते. म्हणून ती सलग चालणाऱ्या मूल्यमापनासाठी राखावी. गुरुवारसाठी पूर्ण पगाराच्या 8 किरकोळ आणि वर्षाला जमा होणाऱ्या 30 अर्जित रजा उरतात. 38 दिवसांत 52 गुरुवार बसत नाहीत, पंधरवड्याची 26 सत्रे बसतात. मधल्या आठवड्याचा सराव घरी चालेल का, हे अर्जाआधीच थेरपिस्टला विचारावे.

अर्जात दर वेळी ‘मुलाची तब्येत बरी नाही’ लिहिणे घातक ठरते. कागदावर ती वारंवारची गैरहजेरी दिसते. त्याऐवजी तीन महिन्यांचा एकच अर्ज करावा:

‘माझ्या दिव्यांग मुलाच्या थेरपीसाठी सोबतच्या वेळापत्रकातील गुरुवारी रजा मंजूर व्हावी. त्या दिवशीच्या कामाची व्यवस्था आदल्या दिवशी लावून ठेवीन.’

सोबत थेरपिस्टचे सही-शिक्क्याचे वेळापत्रक आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत जोडावी. निदानाचा सगळा तपशील लिहायची गरज नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मात्र जरूर घ्या.