प्रमाण ठरतं हंगामावर

पोस्टचं वेळापत्रक या आठवड्यात देणार होतो, पण एका वाचकाच्या प्रश्नामुळे ते पुढे ढकलतो. ते विचारतात, चार शिकवणाऱ्या-रमवणाऱ्या पोस्टमागे एक विक्रीची, हा नियम लहान ब्रँडने पाळावा का? माझ्या मते, वर्षभर एकाच मापाने तर मुळीच नाही. देवगडचा एखादा बागायतदार हापूसच्या पेट्या थेट ग्राहकांना पाठवतो असं धरा. आठवड्याला पाच पोस्ट आणि त्यातली एक विक्रीची, म्हणजे वर्षाला बावन्न. त्याचा खरा हंगाम मार्चअखेर ते मे, साधारण दहा आठवड्यांचा. नियम काटेकोर पाळला तर हंगामाच्या वाट्याला विक्रीच्या दहाच पोस्ट येतात आणि उरलेल्या बेचाळीस झाडावर विकण्याजोगं फळ नसताना पडतात. त्याच बावन्नमधल्या तीस हंगामात टाकल्या, तर आठवड्याला तीन होतात. उरलेल्या बावीस आगाऊ नोंदणीला आणि डबाबंद आमरसाला पुरतात.

यावर आक्षेप असा की आठवड्यात तीनदा ‘घ्या, घ्या’ म्हटलं तर लोक कंटाळतील. तीनदा तेच म्हटलं तर कंटाळतीलच. पण एप्रिलमध्ये भाव दर आठवड्याला हलतो. आज कोणत्या आकाराची फळं उतरली, पेटीत किती डझन बसतात, पुण्याची गाडी कधी निघते, ही ग्राहकाला हवी असलेली बातमीच असते. शिकवणाऱ्या पोस्टखाली लोक ‘भाव काय?’ विचारू लागले, की विक्रीच्या पोस्ट कमी पडताहेत असं खुशाल समजावं.

आता शिकवण्याचा खांब. ‘आंबा’ हा विषय झाला, खांब नव्हे. ‘पेटी घरी आल्यावर काय करायचं’ हा खांब, कारण दरवर्षी तेच प्रश्न येतात. कच्ची फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने ती नीट पिकत नाहीत. पेंढ्यात एका थरात मांडा, रोज चाचपून तयार झालेली आधी काढा. यातली सर्वांत मोलाची पोस्ट साक्याची. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस आतून पांढरट, स्पंजासारखा निघू शकतो आणि कापल्याशिवाय ते कळत नाही. बरेच विक्रेते यावर गप्प बसतात. झाकलेलं कशाला उघडायचं, असा त्यांचा हिशेब. पण न सांगता साका निघाला तर ग्राहकाला ती फसवणूक वाटते. आधी सांगून, ‘कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, बदली देऊ’ असं लिहिलं तर तीच पोस्ट विक्रीलाही हातभार लावते. तिचा परिणाम मात्र लाइक्समध्ये शोधू नये. तक्रारीचा सूर बदलला का आणि पुढच्या वर्षी तीच घरं परत आली का, हे ऑर्डरच्या वहीत पाहावं.

राहिली करमणूक. रस ताटात घ्यावा की वाटीत, असल्या वादावर प्रतिक्रियांचा पाऊस पडतो, पण त्यातले कितीजण पेटी मागवतील? हंगामात आठवड्याला अशी एक पुरे. पावसाळ्यात, विकायला ताजं फळ नसताना, तीनही चालतील. मोहोर आला की बागेतल्या कामांच्या पोस्ट सुरू कराव्यात, आणि नोंदणीची पहिली हाकही तेव्हाच द्यावी.