जर्मन विशेषणाचा शेवट: खूण कोणाकडे?

सूत्र: नामाचे लिंग आणि विभक्ती सांगणारी खूण एकदा दिसावी लागते. ती उपपदावर असेल, तर विशेषणाला साधा शेवट पुरतो. नसेल, तर विशेषण ती खूण घेते.

उदाहरण: ‘वाइन’ (जर्मनमध्ये पुल्लिंगी), प्रथमा एकवचन

- निश्चित उपपद: डेर गुटे वाइन. खूण ‘डेर’मध्येच आहे.
- अनिश्चित उपपद: आइन गुटेर वाइन. ‘आइन’वर खूण नाही, म्हणून ‘एर’ विशेषणाला.
- उपपद नाही: गुटेर वाइन. कारण तेच.

साधा शेवट: प्रथमा एकवचनात तिन्ही लिंगांना, द्वितीया एकवचनात स्त्रीलिंग व नपुंसकलिंगाला ‘ए’, बाकी सर्वत्र ‘एन’.

अपवाद: उपपदाविना पुल्लिंगी व नपुंसकलिंगी षष्ठी एकवचनात ‘एन’च. तिथे खूण बहुधा नामाच्या शेवटच्या ‘स’मध्ये असते.