शेजाऱ्यांची वजाबाकी

फोटोतली कडा कुठे आहे, असं कुणी विचारलं तर आपण बोट ठेवून सांगतो: इथं भिंत संपली, इथून आकाश. संगणकाला भिंत ठाऊक नसते आणि आकाशही. त्याच्यापुढे असतो आकड्यांचा तक्ता. कृष्णधवल फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ यांमधला एक आकडा. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. त्या तक्त्यात भिंतीची कडा सापडते ती निव्वळ वजाबाकीने, आणि ही वजाबाकी कागदावर हाताने करून पाहण्याइतकी सोपी आहे.

सहा बाय सहा पिक्सेलांचा एक इवलासा फोटो घेऊ. डावा अर्धा भाग अंधारा, उजवा उजळ.

```
२०  २०  २०  २००  २००  २००
२०  २०  २०  २००  २००  २००
२०  २०  २०  २००  २००  २००
२०  २०  २०  २००  २००  २००
२०  २०  २०  २००  २००  २००
२०  २०  २०  २००  २००  २००
```

आता लागेल नऊ आकड्यांची एक छोटी चौकट. तिला कर्नल म्हणतात. खाली दिलेला कर्नल अर्विन सोबेल आणि गॅरी फेल्डमन यांनी १९६८ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत मांडला. नाव मात्र एकट्या सोबेलचं चिकटलं.

```
-१  ०  १
-२  ०  २
-१  ०  १
```

ही चौकट फोटोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर ठेवायची. चौकटीतला प्रत्येक आकडा आणि त्याच्याखाली आलेला पिक्सेल यांचा गुणाकार करायचा, नऊही गुणाकारांची बेरीज करायची. जे उत्तर येईल तो नव्या चित्रातला एक पिक्सेल. मग चौकट एक घर उजवीकडे सरकवायची आणि पुन्हा तेच. रांग संपली की एक घर खाली. कन्व्होल्यूशन या भारदस्त नावामागे एवढंच काम आहे. (गणिताच्या काटेकोर व्याख्येत कर्नल आधी उलटा फिरवून घेतात, या कर्नलच्या बाबतीत त्याने उत्तराचं फक्त चिन्ह बदलतं, म्हणून इथे तसाच ठेवला आहे.)

पहिल्या जागी चौकटीखाली सगळे वीसच येतात. डाव्या उभ्या ओळीतून वजा ८० मिळतात, उजवीतून अधिक ८०, मधली ओळ शून्याने गुणली जाते. उत्तर शून्य. एक घर सरका. आता डावीकडे २० आहेत, पण उजव्या ओळीखाली २०० आले. वजा ८० आणि अधिक ८००, म्हणजे ७२०. आणखी एक घर सरकलं तरी डावीकडे २० आणि उजवीकडे २००च, म्हणून पुन्हा ७२०. शेवटच्या जागी सगळीकडे २००. दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. पुन्हा शून्य.

```
०  ७२०  ७२०  ०
०  ७२०  ७२०  ०
०  ७२०  ७२०  ०
०  ७२०  ७२०  ०
```

सपाट अंधार नाहीसा झाला, सपाट उजेडही नाहीसा झाला. उरला तो दोघांच्या सीमेवरचा उभा पट्टा. कर्नलमधल्या आकड्यांची बेरीज शून्य ठेवलेली असते ती याचसाठी: शेजारी सारखे असतील तर उत्तर शून्यच यावं, मग ते कितीही उजळ असोत. आणि उजेड हळूहळू चढत गेला तर? एका रांगेत २०, ५०, ८०, ११०, १४०, १७० असे आकडे असले, आणि सगळ्या रांगा तशाच, तर प्रत्येक जागी उत्तर २४० येतं. रेघ कुठेच उमटत नाही, सगळीकडे सारखा करडेपणा पसरतो. झेपच नाही, तर कडा तरी कुठून येणार?

ही चौकट उभ्याच कडा पाहते. फोटोची वरची बाजू उजळ आणि खालची अंधारी असती, तर डाव्या-उजव्या ओळी सारख्याच राहिल्या असत्या आणि उत्तर शून्य आलं असतं. म्हणून हीच चौकट काटकोनात वळवून दुसऱ्यांदा फिरवतात. दोन्ही उत्तरांचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ, आणि हा झाला त्या पिक्सेलपाशी कडेचा एकूण जोर. कडा तिरकी असेल तर दोन्ही चौकटी तिचा थोडाथोडा वाटा उचलतात.

इथवर सगळं सुरळीत. पण पडद्यावर चित्र पाहिलं की चुकांचेही ठसे दिसू लागतात. ७२० हा आकडा २५५ च्या चौकटीत मावत नाही, तेव्हा तो चारने भागून १८० करावा लागतो. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे ऋण उत्तर. फोटो उलटा करा, उजेड डावीकडे आणि अंधार उजवीकडे, की उत्तर येतं वजा ७२०. कडा तेवढीच ठसठशीत आहे, पण चित्र साठवताना ऋण आकड्याचं शून्य करून टाकलं तर ती कडा काळी होऊन गायब होते. पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या काळ्या ठोकळ्याला एकाच बाजूची उभी रेघ आली आणि दुसरी आली नाही, तर समजावं की इथेच पाणी मुरलंय. आधी चिन्ह काढून टाकायचं आणि मगच साठवायचं, हा त्यावरचा उपाय.

दुसरी गडबड फोटोच्या काठावर होते. आपलं उत्तर चार बाय चारच आलं, कारण टोकाच्या पिक्सेलवर चौकट नीट बसत नाही. मूळ आकार राखायचा म्हणून काही जण फोटोभोवती शून्यांची झालर लावतात. आता उजव्या टोकाला काय होतं ते पाहा: डावीकडे २००, उजवीकडे झालरीतलं ०. उत्तर वजा ८००! फोटोत नसलेली कडा खऱ्या कडेपेक्षा जोरात उमटली. चित्राला भोवताली उजळ चौकट आली की हे ओळखायचं. झालरीत शून्यांऐवजी टोकाचेच पिक्सेल पुन्हा लिहिले की ही बाधा टळते.

तिसरी अडचण अशी चुटकीसरशी सुटत नाही. अंधारात काढलेल्या फोटोत ठिपके असतात. २० च्या सपाट भागात एकच पिक्सेल चुकून १२० झाला, तर त्याच्या एका बाजूला २०० आणि दुसऱ्या बाजूला वजा २०० असं उत्तर उठतं. आता अशी कडा घ्या, जिथे दोन बाजूंत फक्त ३० चा फरक आहे. तिचं उत्तर जेमतेम १२०. म्हणजे खोटा ठिपका खऱ्या कडेवर कुरघोडी करतो, आणि वजाबाकीला दोघांतला फरक कळायला मार्ग नाही. १, २, १ अशी वजनं देऊन सोबेलच्या चौकटीने वर-खालच्या शेजाऱ्यांची सरासरी घेतलेली असते. त्याने थोडा आधार मिळतो, पण पुरत नाही. म्हणून आधी फोटो किंचित धूसर करतात. तसं केलं की ठिपके विरतात आणि बारीक कडाही विरतात.

जॉन कॅनी यांनी १९८६ मध्ये यावर जी पद्धत मांडली ती आजही सर्रास वापरली जाते. आधी धूसर करायचं, मग उतार काढायचा, जाड पट्टा बारीक करून एका पिक्सेलची रेघ ठेवायची. त्यानंतर दोन मर्यादा ठरवायच्या. वरच्या मर्यादेपलीकडचे पिक्सेल बिनशर्त कडा; दोन्हींच्या मधले फक्त तेव्हाच, जेव्हा ते अशा एखाद्या पक्क्या कडेला जोडलेले असतील. एकटा पडलेला दुबळा ठिपका त्यात गळतो आणि लांब रेघेचा पुसट भाग वाचतो. भिंतीवर पडलेली झाडाची सावली मात्र यातही भिंतीच्या कडेइतक्याच मानाने उमटते.