वस्ती किती विभागलेली?

शहरातले दोन समाज किती वेगवेगळे राहतात, हे एका आकड्यात मांडणारा ‘भिन्नता निर्देशांक’ अमेरिकेत ओटिस आणि बेव्हर्ली डंकन यांच्या १९५५ च्या लेखानंतर रूढ झाला.

एक कल्पित शहर घेऊ. तिथे तीन वॉर्ड, दलित १,०००, इतर ४,०००. वॉर्डांत दलित अनुक्रमे ६००, ३०० आणि १००. इतर ८००, १,२०० आणि २,०००. आता प्रत्येक समाजाचा किती टक्के भाग कुठे राहतो ते पाहा. दलितांचे ६०, ३०, १०. इतरांचे २०, ३०, ५०. फरक ४०, ०, ४०. बेरीज ८०, तिची निम्मी ४०. म्हणजे निर्देशांक ०.४०. पहिल्या वॉर्डातले ४०० दलित तिसऱ्यात राहायला गेले, तर दोन्ही समाजांची विभागणी सारखी होईल. निम्मी करायची कारण एकीकडची तूट दुसरीकडची वाढ असते, आणि बेरजेत ती दोनदा मोजली जाते.

दुसऱ्या वॉर्डाचा फरक शून्य. पण तिथले तीनशेही जण नाल्यापलीकडच्या एकाच गल्लीत राहत असले, तर? निर्देशांकाला ते दिसत नाही. तीच गल्ली वेगळी मोजली, की आकडा वाढतो. म्हणून उत्तरासोबत मोजणी वॉर्डाची की गल्लीची, हे जरूर लिहा.